नारूच्या लेखातलं एक वाक्य

मी आयुष्यात एकच शास्त्रीय मजकूर मराठीत आणला आणि त्यातलं एक वाक्य मुद्दाम बिघडवलं. बाकीचा लेख झकास उतरला होता, हे आजही छाती ठोकून सांगतो. पण त्याचा काय उपयोग? ज्या वाक्यासाठी लेख लिहायचा, तेच मी गिळलं.

मी तेव्हा तेरला मास्तर होतो. निजामाचा अंमल. माझं सगळं वरचं शिक्षण हैदराबादेला उर्दूतून झालेलं. सायन्स मी उर्दूतूनच शिकलो, त्यामुळं सूक्ष्मदर्शक म्हटलं की आधी मनात खुर्दबीन यायची आणि जंतू म्हटलं की जरासीम. घरात बोलायचं मराठी, विचार करायचा उर्दूत आणि पुस्तकं वाचायची इंग्रजी. माझ्या डोक्याची नुसती खिचडी झाली होती.

पुण्याहून एक मासिक निघायचं. सामान्य वाचकाला नवं शास्त्र समजावं म्हणून त्यात लेख येत. आमच्या मुलखात ते टपालानं धड पोचेल याचा भरवसा नसायचा, म्हणून मी छोट्या गाडीनं बार्शीला जाऊन एका ओळखीच्या दुकानातून अंक घेऊन यायचो. बार्शी इंग्रजी अमलात, तिथं टपाल बिनघोर येई. एकदा मी संपादकांना पत्र लिहिलं की आमच्या भागात नारूनं माणसं जेरीस आली आहेत, त्याच्यावर काहीतरी छापा. त्यांचं उत्तर आलं ते एका इंग्रजी कागदासकट. नारूवर कुणा डॉक्टरांनी केलेल्या संशोधनाचा तो सारांश होता, जेमतेम पानभर. 'आपणच मराठी करा. वाचकाला कोश उघडावा लागता कामा नये,' एवढंच पत्रात होतं.

मला काय, आभाळ ठेंगणं झालं. आठ दिवसांत तर्जुमा करून पाठवला.

पंधरा दिवसांत तो परत आला. लाल पेन्सिलीनं सगळा रंगलेला. जिथं मला शब्द सापडला नव्हता तिथं मी उर्दू घातला होता आणि जिथं उर्दू घालायची लाज वाटली तिथं संस्कृत. संपादकांनी समासात लिहिलं होतं, 'मास्तर, हे मूळ इंग्रजीपेक्षा अवघड झाले आहे.' राग तर असा आला! पण पुन्हा वाचलं तेव्हा माझं मलाच समजेना. मग राग कुणावर धरणार?

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण. आक्का. दाजी गेल्यावर ती माझ्याकडं राहायला आली होती. अक्षरओळख नाही, पण एकदा कानावर पडलेलं विसरायची नाही. मी ठरवलं, आता हिलाच बसवायचं. एकेक वाक्य वाचायचं आणि तिनं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. नीट सांगितलं तर वाक्य राहील, चुकीचं सांगितलं तर शब्द बदलायचा. शाळेत पोरांना मी असंच शिकवायचो, त्यामुळं ही रीत मला जमण्यासारखी होती.

"म्या काय पंडित हाय व्हय?" आक्का म्हणाली. "तुझ्या त्या पुण्याच्या लोकास्नी इचार की."

"पुण्यातल्या लोकांना नारू होतो का?"

"त्येबी खरंच," म्हणाली आणि ज्वारीचं सूप मांडीवर घेऊन निवडायला बसली. रोज दुपारी शाळा सुटून मी आलो की आमची बैठक. ती निवडायची आणि मी वाचायचो.

नारूची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेव्हा नव्हती. नारू म्हणजे दोरीसारखा हात हात लांब जंत, पायातून फोड येऊन बाहेर पडतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही, हेही ठाऊक होतं. पण तो पायात जातो कुठून, ह्याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. कुणी म्हणायचं देवीचा कोप, कुणी म्हणायचं नवस फेडला नाही, कुणी करणीवर नेऊन ठेवायचं. सारांशात लिहिलं होतं की पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक जीव असतो, त्याच्या पोटात नारूची पिल्लं दोन आठवडे वाढतात, आणि माणूस ते पाणी प्यायला की त्या जिवाबरोबर तीही पोटात जातात. मग वर्षभरानं नारू बाहेर येतो.

त्या जिवाला मी लिहिलं होतं 'एकाक्ष जलकीटक'. आक्कानं सूप थांबवलं.

"बारीक पांढरं असतंय का? उन्हात घागर धरली की टुणटुण उडतंय?"

"तेच."

"मग कीटक कशाला? आमी बाया त्येला कण्या म्हणतो. पाण्यातल्या कण्या. जित्या असत्यात त्या."

मी तिथंच शब्द खोडून लिहिलं, 'पाणकणी'. शब्दाचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी पुढचं वाक्य घेतलंच नाही.

मधल्या जिवाला इंग्रजीत जे म्हणतात, त्याचा सरळ अर्थ मधला यजमान. मी तसंच वाचलं. आक्का हसायलाच लागली. "यजमान? मग दक्षिणा कोण देतंय रे, नारू का भटजी?" किती दिवसांनी ती अशी हसली होती. दाजींच्या पाठीमागं तिचं हसू मी ऐकलंच नव्हतं. मी समजावलं की नारूचं पिल्लू माणसात येण्याआधी काही दिवस तिथं काढतं, आणि तिथं राहिल्याशिवाय माणसात आलं तर त्याचा नारू होत नाही. ती म्हणाली, "म्हंजी मधलं बिऱ्हाड म्हण की." झालं. मधलं बिऱ्हाड. ह्याहून नेमका शब्द मला आजवर कुणी दाखवलेला नाही, आणि दाखवला तरी मी मानणार नाही.

पाणी प्यायल्यापासून नारू बाहेर पडेपर्यंतच्या काळाला मी 'परिपाककाल' लिहिलं होतं. तिनं ते परत सांगितलं ते असं, "स्वैपाकाला लागतो तेवढा येळ." खोडलं. वर्षभर तो आत गुपचूप असतो, कळ नाही काही नाही, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "लोणचं मुरतं तसं मुरत असंल." मी लिहिलं, 'मुरण'. नारूची मुरण सुमारे एक वर्षाची.

असं करत करत आम्ही शेवटच्या वाक्यांकडं आलो. चैत्राचे दिवस, ऊन मी म्हणत होतं. पाण्यात पिल्लं मुळात येतात कुठून, हे सांगणारं ते वाक्य. सगळ्या सारांशाचा जीव त्यातच होता, कारण ते कळलं तर नारूची साखळी तुटणार होती. मी दोन दिवस खपून ते असं केलं होतं: 'नारू झालेल्या माणसाने दुखरा पाय पाण्यात बुडवला, की फोडातली मादी त्या पाण्यात आपली पिल्ले सोडते.'

मी वाचलं आणि तिच्या तोंडाकडं बघत बसलो. शाबासकी मिळणार म्हणून. मूर्ख मी.

आक्कानं परत सांगितलं नाही. सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "परत वाच."

मी वाचलं.

"पाय बुडवला की?"

"हो. फोडाची आग होते ना, म्हणून माणूस गार पाण्यात पाय घालतो. आणि पाणी लागलं की मादी पिल्लं सोडते. सारांशात पुढं लिहिलंय की पायऱ्यांची बारव म्हणूनच वाईट. आत उतरूनच पाणी भरायचं, म्हणून पाय बुडतातच."

ती बोटं मोजायला लागली. तोंडानं पुटपुटत होती. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

"मला झाला तो उन्हाळा," ती म्हणाली. "लई आग व्हायची. म्या रोज सांजच्याला बारवेत पाय सोडून बसायची. तेवढंच बरं वाटायचं. त्येच पाणी घागरीत भरून घरी न्यायची." मग थांबली. "आन् ह्यांस्नी झाला तो त्याच्या पुढचा उन्हाळा. मुरण एक वर्षाची म्हणालास न्हवं तू?"

दाजींचा नारू ओढताना तुटला होता. पाय सुजून भप्प झाला, मग धनुर्वात. तेवीस दिवस लागले त्यांना जायला, आणि त्या तेवीस दिवसांत आक्कानं गावोगावच्या देवांना साकडं घातलं होतं. कुणाचं काय चुकलं हे ती तेव्हापासून विचारत आली होती. सासूनं तिच्या पायगुणावर ठपका ठेवला होता. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, तिच्याच शब्दांत तिच्याच पुढ्यात तिला उत्तर आणून ठेवलं.

"कुणाच्याही पायातनं आलं असंल, आक्का," मी घाईघाईनं म्हणालो. "बारवेवर अख्खं गाव उतरतं."

"अख्ख्या गावात म्याबी आलेच की."

ती उठून आत गेली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण दुपारी माझ्याजवळ येऊन बसली नाही. आमची बैठक तिथंच मोडली. तिनं बारवेवर जाणं सोडलं, तेरणा नदीच्या वाळूत झिरा उकरून तिथलं पाणी आणायला लागली. तेवढं लांब घागर घेऊन चालणं तिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. मी म्हणालो, मी आणतो. तर म्हणाली, "माझं मला आणू दे."

मला झोप येईना. मनात एकच यायचं, की गावात अशा किती आक्का असतील. ज्यांचा नवरा, लेकरू, सासू नारूनं गेली किंवा लंगडी झाली, आणि ज्यांनी आदल्या साली पाय बुडवले होते. हे वाक्य वाचून त्या सगळ्या बोटं मोजायला बसणार. मी स्वतःला सांगितलं, हा दयेचा विचार आहे. खरं सांगू? आक्काचं ते तोंड मला पुन्हा बघायचं नव्हतं. छापलेला अंक घरात येणार, कुणीतरी मोठ्यानं वाचणार, आणि ती ऐकणार. मला तेवढंच टाळायचं होतं.

म्हणून मी वाक्य बदललं. अर्थ जसाच्या तसा ठेवला, चोरी पकडता येऊ नये म्हणून. 'रोगग्रस्ताच्या व्रणस्थ मादीकडून जलसंपर्कप्रसंगी अपत्योत्सर्ग होऊन जलाशयदूषण संभवते.' शास्त्राच्या दृष्टीनं त्यात एक अक्षर चूक नाही. खुद्द तो सारांश लिहिणाऱ्या डॉक्टरांना समजावून दिलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

संपादक काही कच्चे नव्हते. त्यांनी लेख मंजूर केला, पाणकणी आणि मधलं बिऱ्हाड ह्या शब्दांची तोंड भरून तारीफ केली, आणि त्या एका वाक्याखाली रेघ ओढून विचारलं, 'बाकी सर्व पाण्यासारखे वाहते, हेच एवढे जड का? सोपे करता येईल?' मी उलटटपाली कळवलं की शास्त्रीय काटेकोरपणासाठी ते तसंच राहू द्यावं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी मास्तर होतो ना.

अंक आला. आमच्या आळीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं, तिथं चार माणसं कायम बसलेली. शिंप्याला वाचायची भारी हौस. त्यानं लेख इतक्यांदा मोठ्यानं वाचला की त्याला तो पाठ झाला. गावात पाणकणी हा शब्द दोन दिवसांत पसरला. बायका दुपदरी फडक्यातून पाणी गाळायला लागल्या, फडक्यावर उरलेल्या कण्या एकमेकींना दाखवायला लागल्या. पायऱ्या बुजवून रहाट बसवावा असंही लेखात होतं, पण का ते त्या जड वाक्यातच गाडलेलं; त्याला मात्र लोक हसले. "मास्तर, बारव बुजवायला सरकार येणार हाय व्हय?" माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू. ते जड वाक्य आलं की शिंपी भराभर वाचून पुढं जायचा आणि कुणीही त्याला थांबवायचं नाही. आक्का ते वाचन ऐकायला कधी फिरकली नाही.

त्याच उन्हाळ्यात शिंप्याच्या डाव्या पायाला नारू होता. मशीन चालवताना तो पाय बाजूला घेऊन बसायचा, हे मी रोज बघत होतो. संध्याकाळी तो कुठं जातो हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शिंप्याच्या बायकोला नारू झाला. घरचं पाणी ती गाळूनच प्यायची, पण बारवेवर धुणं धुताना तहान लागली की ओंजळीनं पिणं व्हायचंच. नारू गुडघ्याच्या मागं आला आणि तुटला. पाय आखडला तो आखडलाच. पुन्हा कधी सरळ झाला नाही. बाई पंचविशीची असेल नसेल, भिंत धरून चालायला लागली.

आक्का तिला बघायला गेली. परत आली ती चपला न काढता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यो शिंपी म्हणतोय, गेल्या साली रोज सांजच्याला बारवेत पाय बुडवून बसायचा. म्या त्याच्यावर वरडले, कागदात लिवलेलं वाचून दावत व्हतास की गावाला, मग अक्कल कुठं गेली व्हती? तर म्हणतोय, आक्का, पाय बुडवू नका असं कुठं लिवलंय? लिवलं असतं तर बुडवला असता का म्या?"



"अंक काढ," ती म्हणाली. "वाच ते."

मी फडताळातून अंक काढला. वाचलं. रोगग्रस्ताच्या, व्रणस्थ, जलसंपर्कप्रसंगी. आक्का उभ्यानं ऐकत होती, आमच्या बैठकीत ऐकायची तशीच, मान थोडी वाकडी करून. माझं वाचून झालं तरी ती थांबली, जणू अजून काही यायचं आहे.

"हे काय हाय?"

"तेच वाक्य आहे, आक्का."

"त्ये न्हाय. मला कळलं व्हतं त्ये. ह्यातलं मला एक अक्षर कळंना."

मग तिला कळलं. डोळ्यात पाणी नाही, आवाज चढलेला नाही. 

"माझ्यासाठी केलंस?"

मी होय म्हणून मान हलवली. माझा चेहरा काय झाला असेल देव जाणे. वाटलं होतं, ती निदान म्हणेल की बरं केलंस बाबा, तुझी माया कळली मला. माणूस किती आशाळभूत असतो.

"म्या वर्सभर तोंड उघडलं न्हाय," ती म्हणाली. "झिऱ्यावर जाताना बारवेत बाया पाय सोडून बसलेल्या दिसायच्या, शिंपी तिकडं जाताना दिसायचा. सांगायचं म्हंजी माझं सांगावं लागंल, ह्यांचं सांगावं लागंल, म्हणून धीर झाला न्हाय. म्हणलं, छापून आलंय. मास्तरानं लिवलंय. आता आपल्याला बोलायची गरज न्हाय."

"आक्का, चुकलं माझं."

"ह्यांचं जे झालं ते म्या नकळत केलं," ती म्हणाली. "तू कळून केलंस."

एवढं बोलून ती बाहेर गेली, तशाच उन्हात. नंतर समजलं की शिंप्याच्या दुकानापासून सुरुवात करून ती दारोदार हिंडली, आणि प्रत्येक दारात आधी आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन मग पाय बुडवू नका असं सांगितलं. तिनं तोवर कधी दाजींचं नाव तोंडानं घेतलेलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्या आळीनं ऐकलं. मी घरातच बसून होतो.